२४ मिलिमीटरचं सिप्रो की १९ मिलिमीटरचं नायट्रो?

सेकंड एमबीबीएसच्या मायक्रो प्रॅक्टिकलला टेबलावर प्लेट असते, स्केल असते आणि शेजारी चार ओळींची चिठ्ठी. समजा चिठ्ठी अशी आहे: वय २६, बाई, दोन दिवस लघवीला जळजळ, सारखं जावं लागतं, ताप नाही, कंबर दुखत नाही, गरोदर नाही. लघवीच्या कल्चरमध्ये ई. कोलाय, मिलीलीटरला एक लाखाच्या वर. औषध सुचवा.

मुंबईतल्या कॉलेजांत या टेबलाशी उभी राहिलेली बरीच मुलं पाहिली आहेत. दहातली सहा-सात जणं प्लेटवरचं सगळ्यात मोठं वर्तुळ शोधतात आणि त्याच्या डिस्कवरचं नाव लिहून मोकळी होतात. तिथेच मार्क जातात, कारण दोन वेगवेगळ्या औषधांची वर्तुळं एकमेकांशी ताडून बघायची नसतातच. प्रत्येक वर्तुळ फक्त आपल्या स्वतःच्या तक्त्याशी ताडायचं.

आपल्या पेशंटचे आकडे घेऊ. सहा डिस्क, दोन प्लेटवर तीन-तीन. ९० मिमीच्या प्लेटवर सहाही कोंबल्या की वर्तुळं एकमेकांत घुसतात आणि मोजायला कडच उरत नाही.

| औषध | डिस्कमधली मात्रा (मायक्रोग्रॅम) | झोन (मिमी) | एस म्हणायला किमान (मिमी) | निकाल |
|---|---|---|---|---|
| मेरोपेनेम | १० | २९ | २३ | एस |
| सिप्रोफ्लोक्सासिन | ५ | २४ | २६ | आय |
| जेंटामायसिन | १० | २१ | १८ | एस |
| नायट्रोफ्युरांटोइन | ३०० | १९ | १७ | एस |
| सेफोटॅक्सिम | ३० | १३ | २६ | आर |
| कोट्रायमॉक्साझोल | १.२५/२३.७५ | ६ | १६ | आर |

शेवटच्या ओळीतला ६ म्हणजे झोन अजिबात नाही. डिस्कचाच व्यास ६ मिमी असतो आणि मोजमाप डिस्क धरूनच करायचं असतं. माझ्या स्वतःच्या प्रॅक्टिकलला मी डिस्कच्या कडेपासून झोनच्या कडेपर्यंत मोजलं होतं. सगळे आकडे इतके लहान आले की माझ्या हिशेबाने त्या पेशंटला एकही औषध लागू पडत नव्हतं. एक्झामिनर काही बोलले नाहीत, नुसती स्केल माझ्याकडे सरकवली.

म्युलर-हिंटन अगार पारदर्शक असतं, म्हणून प्लेट उलटी करून, काळ्या पृष्ठभागावर धरून मागच्या बाजूने मोजायची. डिस्कच्या मध्यातून जाणारा पूर्ण व्यास घ्यायचा आणि नुसत्या डोळ्यांना वाढ दिसेनाशी होते तिथे कड मानायची. कोट्रायमॉक्साझोलचा झोन असता तर एक अपवाद सांभाळावा लागला असता: त्याच्या कडेला पुसट वाढ राहते, ती सोडून ठळक कडेवर मोजायचं.

आता सिप्रो आणि नायट्रो शेजारी ठेवू.

२४ हा १९ पेक्षा मोठा, हे खरं. पण सिप्रोच्या डिस्कमध्ये ५ मायक्रोग्रॅम औषध आहे आणि नायट्रोच्या डिस्कमध्ये ३००. दोन्ही रेणू अगारमधून वेगवेगळ्या गतीने पसरतात, आणि जंतूला रोखायला किती औषध लागतं तेही दोघांचं वेगळं. झोन म्हणजे एमआयसीचं उलटं प्रतिबिंब: एमआयसी कमी तर झोन मोठा. पण ही उलटी रेषा प्रत्येक औषधाची स्वतंत्र असते. सिप्रोचे २६ मिमी म्हणजे एमआयसी साधारण ०.२५ मायक्रोग्रॅम प्रति मिली. नायट्रोचे १७ मिमी म्हणजे ३२. आकड्यांकडे बघून नायट्रो फारच दुबळं वाटतं. पण ते लघवीत उतरतं आणि तिथे त्याचं प्रमाण ३२ च्या बरंच वर जातं, म्हणून मूत्राशयात ते पुरून उरतं. सिप्रोला रक्तात आणि ऊतींत जे प्रमाण गाठता येतं, त्याच्या हिशेबाने त्याची रेषा २६ वर ओढली आहे, आणि आपला जंतू त्या रेषेच्या अलीकडे राहिला. २२ ते २५ हा आय. म्हणून २४ वालं औषध मागे पडलं आणि १९ वालं पुढे गेलं.

इथे एक खड्डा आहे. सीएलएसआयने एन्टेरोबॅक्टेरेल्ससाठी सिप्रोची रेषा २०१९ मध्ये बदलली. त्याआधी २१ आणि त्यावर एस होतं. म्हणजे लॅबच्या भिंतीवर जुना, कडा पिवळ्या पडलेला तक्ता असेल तर हाच २४ एस ठरतो आणि सिप्रो लिहिणं बरोबर वाटायला लागतं. जेंटामायसिनचंही तसंच: २०२३ मध्ये रेषा १५ वरून १८ वर गेली. आपला २१ दोन्ही तक्त्यांत एस आहे, पण १६ आला असता तर तक्त्यानुसार निकाल फिरला असता. परीक्षेत जो तक्ता हातात देतील तोच वापरायचा आणि उत्तरात त्याचं वर्ष लिहायचं. जुना असेल तर शांतपणे एक वाक्य घालायचं की नव्या तक्त्यात हा आय येतो. आजवर कुणी याचे मार्क कापलेले मी पाहिले नाहीत.

मग मेरोपेनेम? झोन २९, सहा मिलिमीटरने पार, एसमध्ये कुठलीच शंका नाही. तरीही या बाईला नाही. साध्या सिस्टायटिसला ॲडमिट करून दिवसातून तीनदा शिरेतून इंजेक्शन द्यायचं, आणि तेही सेफोटॅक्सिम ज्यांच्यापुढे हरतं अशा गंभीर संसर्गांसाठी राखून ठेवलेलं औषध, हे कोणी करत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत नायट्रो ॲक्सेस गटात आहे, मेरोपेनेम वॉच गटात. एक्झामिनरला हवं असतं ते हेच: एस लिहिलेल्या तीन औषधांतून तुम्ही नायट्रो का उचललं. तोंडाने घेता येतं, पाच दिवसांत काम होतं, आतड्यातल्या बाकीच्या जंतूंना फारसं धक्का लावत नाही. १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा.

सेफोटॅक्सिमचा १३ मात्र नुसता आर लिहून सोडून देऊ नका. ई. कोलायमध्ये असं दिसलं की ईएसबीएलची शंका घ्यायची. खात्रीसाठी सेफोटॅक्सिम एकटं आणि सेफोटॅक्सिम-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड अशा दोन डिस्क लावतात. जोडीच्या डिस्कचा झोन ५ मिमी किंवा त्याहून जास्त वाढला तर ईएसबीएल. समजा आपल्याकडे १३ चा २१ झाला, म्हणजे ८ ने वाढला. आता तोंडी परीक्षेत "सेफट्रायॅक्झोन देऊन बघू का?" असं विचारलं तर ठामपणे नाही म्हणता येतं.

यानंतर चांगला एक्झामिनर चिठ्ठी बदलतो. "समजा हिला १०२ ताप आहे, हुडहुडी भरते, उजव्या कुशीत दाबलं की दुखतं. आता काय देशील?"

प्लेट तीच, आकडे तेच. पण नायट्रो आता बाद. रक्तात आणि किडनीच्या ऊतीत त्याचं प्रमाण पुरेसं होतच नाही, म्हणून पायलोनेफ्रायटिसमध्ये १९ मिमीच्या एसला काही अर्थ उरत नाही. नायट्रोची रेषा मुळात फक्त लघवीतल्या जंतूंसाठी आहे. हाच ई. कोलाय ब्लड कल्चरमध्ये सापडला असता तर त्याला नायट्रोची डिस्क लावायचीच नसते, आणि चुकून लावली तरी रिपोर्टमध्ये द्यायची नसते.

तेव्हा तुलना उरते मेरोपेनेम आणि जेंटामायसिनची. दोन्ही एस, दोन्ही इंजेक्शन. ईएसबीएल असलेल्या, तापाने फणफणलेल्या पेशंटला मी कार्बापेनेम लिहीन. रक्तदाब नीट असेल, क्रिएटिनिन नॉर्मल असेल आणि किडनीवर लक्ष ठेवता येणार असेल, तर दिवसातून एकदा जेंटामायसिन हा मान्य पर्याय आहे. झोन मोठा म्हणून मेरोपेनेम निवडलं असं मात्र लिहू नका. गरोदर असती तर जेंटामायसिन बाळाच्या कानासाठी टाळायचं असतं आणि सिप्रोही नको. पहिल्या चिठ्ठीतल्या बाईला नववा महिना चालू असता तर नायट्रोही बाजूला ठेवावं लागलं असतं, कारण जन्माच्या सुमारास बाळाच्या रक्तपेशी फुटण्याची भीती असते. अशा वेळी तोंडी फॉस्फोमायसिनचा ३ ग्रॅमचा एकच डोस कामाला येतो, पण त्याची डिस्क लावलेली असेल तरच ते रिपोर्टच्या आधाराने म्हणता येईल.

हे सगळं प्लेट नीट बनली असेल तरच. आकडे वाचण्याआधी लॉनकडे बघा. वाढ सलग असायला हवी. मधे सुट्या कॉलनी दिसत असतील तर जंतू ०.५ मॅकफार्लंडपेक्षा पातळ पडले आहेत, झोन खोटे मोठे आलेत आणि आर असलेलं औषध एस दिसू शकतं. उलट सगळेच झोन दबलेले असतील तर अगार ४ मिमीपेक्षा जाड ओतलंय किंवा जंतू दाट झालेत. ओळखायची खूण अशी की अशा चुकीत सगळे झोन एकाच दिशेने सरकतात, एखादाच नाही. एटीसीसी २५९२२ ही कंट्रोल ई. कोलाय शेजारी लावलेली असेल तर नायट्रोचा झोन २० ते २५ मध्ये यायला हवा. १७ आला तर पेशंटच्या प्लेटवर विश्वास ठेवू नका.

एकच औषध बिघडलेलं असेल तर संशय डिस्कवर. मुंबईच्या जुलैत हे हमखास होतं: फ्रीजमधून काढलेली डिस्कची कुपी लगेच उघडली की दमट हवेचं पाणी आत धरतं, आणि बीटा-लॅक्टम डिस्क सगळ्यात आधी निकामी होतात. कुपी आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, मगच उघडायची. झोनच्या आत सुटी कॉलनी दिसली तर ती दुर्लक्षू नका. कल्चर मिसळलेलं आहे किंवा प्रतिरोधक जंतू वर येतोय. ती उचलून पुन्हा लावायची, आणि तोवर त्या औषधाला एस लिहायचं नाही.

उत्तरपत्रिकेत पहिल्या चिठ्ठीसाठी मी एवढंच लिहीन: "ई. कोलाय, ईएसबीएलची शंका. नायट्रोफ्युरांटोइन, मेरोपेनेम, जेंटामायसिन एस, सिप्रोफ्लोक्सासिन आय, सेफोटॅक्सिम, कोट्रायमॉक्साझोल आर. ताप नसलेला सिस्टायटिस, म्हणून तोंडी नायट्रोफ्युरांटोइन ५ दिवस. किडनीचं काम आणि जी६पीडी विचारून. ताप किंवा कुशीत दुखणं सुरू झालं तर हे औषध बदलावं लागेल."