सैनिक कल्याणचा अर्ज लिहून देतो म्हणणाऱ्याने काकीला असं फसवलं

माझे काका मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. ते गेले आणि तेराव्याच्या सुमारास एक माणूस दारात आला. "वहिनी, मीपण फौजीच. सैनिक बोर्डात अर्ज टाकतो, तुम्हाला महिना आठ हजार चालू होतील." खर्चाला म्हणून पैसे घेतले आणि काकांचं मूळ डिस्चार्ज बुक घेऊन गेला.

आठ हजारांची गोष्ट साफ खोटी नव्हती, म्हणूनच काकीचा विश्वास बसला. केंद्रीय सैनिक बोर्डाकडून अशी मदत मिळते आणि १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ती ४,००० वरून ८,००० झाली आहे. पण ती ६५ वर्षांवरच्या, पेन्शन नसलेल्या माजी सैनिकांना किंवा त्यांच्या विधवांना. काकांना पेन्शन होती, काकीला कुटुंब निवृत्तिवेतन लागणार होतं. म्हणजे ही मदत तिला कधीच मिळणार नव्हती, आणि हे त्या माणसाला ठाऊक असणारच.

याहून वाईट म्हणजे त्याने बजावलं, "फाइल पास होईपर्यंत मृत्यू कुठं कळवू नका." काकांची पेन्शन खात्यात येत राहिली आणि तो त्यातला हिस्सा नेत राहिला. मृत्यूनंतर जमा झालेली ती रक्कम परत करावी लागते. ती आता काकीच्या कुटुंब निवृत्तिवेतनाच्या थकबाकीतून वळती होणार, त्याने नेलेल्या हिश्श्यासकट. खरं तर कळवायला उशीर झाला तरी कुटुंब निवृत्तिवेतन मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासूनच धरतात. लपवून एक पैचा फायदा नव्हता.

त्याने दिलेला अर्ज मी नंतर पाहिला. "सैनिकाच्या वारसास मिळणारे सर्व लाभ मिळावेत," एवढंच. योजनेचं नाव नाही, सेवा क्रमांकात एक आकडा चुकलेला. असा अर्ज टेबलावर पडूनच राहतो.

आम्ही नव्याने लिहिला. जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांच्या नावे, वर काकांचा सेवा क्रमांक, हुद्दा, रेजिमेंट, पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा क्रमांक आणि मृत्यूची तारीख. मागण्या दोनच: विधवा ओळखपत्र, आणि कुटुंब निवृत्तिवेतनाच्या कागदांसाठी मार्गदर्शन. कारण ते निवृत्तिवेतन हे कार्यालय मंजूर करत नाही. त्यासाठी मृत्यूची नोंद sparsh.defencepension.gov.in या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवर करावी लागते. काकीचं नाव पीपीओवर "सुनिता" आणि आधारवर "सुनीता" निघालं, म्हणून दोन्ही एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडलं. बाकी सगळ्या साक्षांकित प्रती, मूळ कागद फक्त दाखवायला. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतला. अर्जाला फी काहीही लागली नाही.

डिस्चार्ज बुक अजून मिळालेलं नाही. पोलिसांत तक्रार दिली आहे, तिची प्रत लावून रेकॉर्ड ऑफिसकडे दुय्यम प्रत मागितली आहे.