सुगंधी डिफ्यूझरचा संच: तेल, परफ्यूम की गॅसचा कॅन? लिस्टिंगमधील नोंदींच्या दृष्टीने तुलना

चार्जिंगवर चालणारा डिफ्यूझर आणि सोबत सुगंधाची एक बाटली असा भेटसंच ऑनलाइन विक्रीस ठेवायचा असेल, तर सुगंध कोणत्या रूपात द्यायचा याचे तीन पर्याय विक्रेत्यासमोर असतात. निव्वळ तेलाची बाटली देता येते, अल्कोहोलमध्ये मिसळलेला आणि पंपाने फवारायचा परफ्यूम देता येतो, किंवा गॅसच्या दाबाने फवारणारा रूम फ्रेशनरचा कॅन देता येतो. ग्राहकाच्या दृष्टीने तिन्हींत फारसा फरक नसला, तरी वाहतुकीच्या नियमांत त्या तीन निरनिराळ्या वस्तू आहेत, आणि लिस्टिंगमध्ये त्यांच्याविषयी दिलेल्या उत्तरांवरून माल पुढे जाणार की गोदामातच अडकणार हे ठरते. येथे उदाहरणासाठी ३.७ व्होल्ट आणि २२०० मिलीअँपिअर-अवर क्षमतेची लिथियम-आयन बॅटरी असलेला डिफ्यूझर आणि १०० मिलीलिटर सुगंध असा संच धरला आहे.

बॅटरी: आत बसवलेली, सोबत ठेवलेली, की सुटी

बॅटरी तिन्ही पर्यायांत असणारच, म्हणून आधी तिचा विचार करू. एकच बॅटरी तीन प्रकारे पाठवता येते आणि प्रत्येक प्रकाराचा नियम वेगळा आहे. उपकरणाच्या आत बसवलेली किंवा त्याच खोक्यात वेगळी ठेवलेली लिथियम-आयन बॅटरी धोकादायक मालाच्या यादीतील `UN3481` या क्रमांकाखाली येते, तर उपकरणाशिवाय एकटी पाठवलेली बॅटरी `UN3480` खाली येते. हा फरक केवळ कागदावरचा नाही. सुटी लिथियम-आयन बॅटरी प्रवासी विमानातून माल म्हणून नेण्यास २०१६ पासून बंदी आहे, आणि मालवाहू विमानातूनही ती ३० टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज असता कामा नये. उपकरणात बसवलेली लहान बॅटरी मात्र प्रवासी विमानातून जाऊ शकते. पॉवर बँक दिसायला उपकरणासारखी असली तरी नियम तिला सुटी बॅटरीच मानतात, त्यामुळे याच संचात एखादी पॉवर बँक भेट म्हणून टाकण्याचा मोह विक्रेत्याने टाळलेला बरा.

दुसरा प्रश्न ऊर्जेचा आहे. सेलसाठी २० वॉट-अवर आणि बॅटरीसाठी १०० वॉट-अवर या मर्यादेच्या आत राहिले, तर सवलतीचे नियम लागू होतात. आपल्या उदाहरणातला हिशेब असा होतो:

```
2200 mAh × 3.7 V ÷ 1000 = 8.14 Wh
```

म्हणजे मर्यादेच्या पुष्कळ आत. तरीही असा माल अडतो, आणि त्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे वॉट-अवरच्या रकान्यात मिलीअँपिअर-अवरचा आकडा भरलेला असतो. २२०० वॉट-अवर अशी नोंद झाली की प्रणाली त्या लहानशा डिफ्यूझरला अतिशय मोठ्या बॅटरीच्या पंक्तीला बसवते. लिस्टिंग अडल्यावर सर्वांत आधी हा रकाना पाहावा.

ॲमेझॉनसारख्या बाजारपेठेवर या नोंदी तीन-चार रकान्यांत विभागलेल्या असतात आणि वस्तूच्या वर्गानुसार त्यांची नावे थोडी बदलतात. `Are batteries required?` या प्रश्नाला बरेच विक्रेते ‘नाही’ असे उत्तर देतात, कारण ग्राहकाला वेगळे सेल विकत घ्यावे लागत नाहीत असा ते त्याचा अर्थ घेतात. प्रश्न मात्र वस्तू बॅटरीवर चालते का, हा आहे. आत बसवलेल्या बॅटरीसाठी या प्रश्नाचे आणि `Are batteries included?` या प्रश्नाचे, अशी दोन्ही उत्तरे ‘होय’ असायला हवीत. `Lithium Battery Packaging` मध्ये `Batteries contained in equipment` निवडायचे. तेथे घाईत `Batteries only` निवडले गेले, तर डिफ्यूझरची गणना सुट्या बॅटरीत होते आणि प्रवासी विमानाचा मार्ग बंद होतो. `Applicable Dangerous Goods Regulations` या रकान्यात `Not Applicable` लिहिणेही विसंगत ठरते, कारण लहान असली तरी लिथियम बॅटरी वाहतुकीच्या नियमांतून पूर्णपणे सुटत नाही. तिला सवलत मिळते, एवढेच. तेथे `Transportation` हेच उत्तर जुळते.

निर्मात्याकडून डिफ्यूझर घेताना बॅटरी आत पक्की बसवलेली घ्यावी की काढता येणारी घेऊन खोक्यात वेगळी ठेवावी, असा पर्याय मिळत असेल, तर मी पहिला पर्याय निवडेन. उपकरणात बसवलेले सेल चारपेक्षा किंवा बॅटऱ्या दोनपेक्षा जास्त नसतील आणि पाठवणीत दोनपेक्षा जास्त खोकी नसतील, तर बाहेर लिथियम बॅटरीची खूणचिठ्ठी लावावी लागत नाही. बॅटरी खोक्यात वेगळी ठेवली की ही मोकळीक जाते, आणि शिवाय टोके एकमेकांना किंवा धातूला भिडू नयेत म्हणून तिला स्वतंत्र वेष्टन द्यावे लागते. दोन्ही बाबतींत पुरवठादाराकडून बॅटरी वाहतुकीत सुरक्षित आहे का हे पाहणाऱ्या `UN 38.3` चाचणीचा सारांश मागून घ्यावा. तो उपलब्ध करून देणे १ जानेवारी २०२० पासून निर्मात्यांना आणि पुढच्या वितरकांना बंधनकारक आहे. सारांशावरील बॅटरीचा मॉडेल क्रमांक प्रत्यक्ष बॅटरीवरच्या क्रमांकाशी जुळतो का, हे डोळ्यांनी तपासावे, कारण स्वस्त मालासोबत भलत्याच बॅटरीचा कागद येणे दुर्मीळ नाही.

तेल: वाळा आणि संत्रे यांत अंतर आहे

द्रवाच्या बाबतीत पहिला निकष फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला द्रवाची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते ते तापमान. बंद भांड्यातील चाचणीत ते ६० अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी आले, तर तो द्रव ज्वालाग्राही, म्हणजे वर्ग ३ चा ठरतो. वाळ्याच्या किंवा चंदनाच्या तेलाचा फ्लॅश पॉइंट ९० अंशांच्या वर असतो. संत्र्याचे तेल बहुतांशी लिमोनीनचे बनलेले असते आणि लिमोनीनचा फ्लॅश पॉइंट सुमारे ४८ अंश आहे. निलगिरीच्या तेलाचीही गत जवळपास तीच. म्हणून ‘नैसर्गिक तेल आहे, धोका कसला’ हे उत्तर येथे उपयोगाचे नाही. एकाच लिस्टिंगमध्ये वाळा आणि संत्रे असे दोन सुगंध पर्याय म्हणून ठेवले, तर त्यांची नोंद एकसारखी असूच शकत नाही.

खात्री करण्याची जागा म्हणजे पुरवठादाराचे सेफ्टी डेटा शीट, म्हणजेच पदार्थाच्या धोक्यांची माहिती देणारा कागद. त्याचे १६ विभाग असतात. त्यांतील ९ व्या विभागात फ्लॅश पॉइंट आणि १४ व्या विभागात वाहतुकीचे वर्गीकरण असते. येथे एक बारकावा फार महत्त्वाचा आहे. अनेक सुगंधी तेलांच्या १४ व्या विभागात `UN3082`, वर्ग ९, असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ तेल पेटते असा नसून ते जलचरांना घातक आहे असा असतो, आणि ५ लिटर किंवा त्याहून लहान बाटल्यांना, बांधणी चांगली असेल तर, हवाई वाहतुकीच्या नियमांतही या कारणासाठी सूट आहे. १०० मिलीलिटरच्या बाटलीच्या विक्रेत्याने हा क्रमांक पाहून माल सोडून देण्याचे कारण नाही. मात्र क्रमांक लपवूनही ठेवू नये. आहे तसे शीट जोडावे आणि बाटलीचे आकारमान अचूक भरावे.

शीट जुने असेल किंवा त्यावरचे नाव लिस्टिंगवरील नावाशी जुळत नसेल, तर ते नाकारले जाते. ॲमेझॉन पाच वर्षांपेक्षा जुने शीट स्वीकारत नाही. ‘मिक्स फ्रॅग्रन्स’ अशा मोघम नावाचे शीट घेऊन त्यावर वेगवेगळे सुगंध विकणाऱ्याचा माल याच पायरीवर थांबतो.

परफ्यूम आणि कॅन

अल्कोहोलवर आधारित परफ्यूमबाबत शंकेला जागा नाही. शुद्ध इथेनॉलचा फ्लॅश पॉइंट १३ अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे नेहमीचा परफ्यूम `UN1266` खाली ज्वालाग्राही द्रव ठरतो. तो विमानाने पाठवता येत नाही असे नाही, पण त्यासाठी धोकादायक मालाची रीतसर घोषणा, प्रशिक्षित माणूस आणि तो माल स्वीकारणारी कंपनी लागते. लहान विक्रेत्यासाठी व्यवहार्य मार्ग रस्त्याचाच, म्हणजे कुरिअरच्या भाषेत सरफेस.

गॅसचा कॅन `UN1950` मध्ये येतो. आतला द्रव पाण्यासारखा निरुपद्रवी असला तरी फरक पडत नाही, कारण एकदाच वापरायच्या डब्यात दाबाखाली भरलेला वायू हेच त्याच्या वर्गीकरणाचे मूळ आहे. आपल्याकडील बहुतेक रूम फ्रेशनरमध्ये तो वायू प्रोपेन-ब्युटेनसारखा ज्वालाग्राही असतो, म्हणून कॅन २.१ या विभागात जातो. नायट्रोजन भरलेला कॅनही सुटत नाही, तो २.२ मध्ये जातो.

या दोहोंत गोंधळ होतो तो ‘स्प्रे’ या नावामुळे. बाजारात गॅसविरहित म्हणून विकले जाणारे बॉडी स्प्रे पंपाने फवारले जातात. ते एरोसोल, म्हणजे गॅसच्या दाबाने फवारणारे कॅन, नव्हेत, पण अल्कोहोलमुळे ज्वालाग्राही द्रव आहेतच. विक्रेत्याने त्यांची नोंद एरोसोल म्हणून केली तर चूक, आणि ‘गॅस नाही’ म्हणून साधा द्रव अशी केली तरीही चूकच. ओळखण्याची सोपी खूण म्हणजे झाकणाखालचे तोंड: एकदा दाबून धरल्यावर फवारा सतत चालू राहत असेल तर आत दाबाखालचा वायू आहे, आणि प्रत्येक दाबाला एकच झोत येत असेल तर तो पंप आहे. लिस्टिंगच्या शीर्षकात आणि वर्णनात त्यानुसारच शब्द वापरावेत, कारण रकान्यांत एक आणि शीर्षकात दुसरेच असेल तर माल पुनर्तपासणीला जाण्याची शक्यता वाढते.

कोणता संच निवडावा

संचातील सर्वांत कडक नियमाची वस्तू पूर्ण खोक्याचा मार्ग ठरवते. वाळ्याचे तेल असलेला संच प्रत्यक्षात ८.१४ वॉट-अवरच्या बसवलेल्या बॅटरीएवढाच नियमबद्ध राहतो, आणि पुण्याहून गुवाहाटीला तो विमानाने जाऊ शकतो. त्याच संचात संत्र्याचे तेल घातले की डिफ्यूझरलाही तेलासोबत रस्त्यानेच जावे लागते. कॅन घातला तर बॅटरी, दाबाखालचा वायू आणि ज्वालाग्राहीपणा असे तिन्ही प्रश्न एकाच खोक्यात येतात, आणि असा संच घेण्यास सरळ नकार देणाऱ्या कंपन्याही भेटतील, कारण नियमांपेक्षा कडक धोरण ठेवण्याचा अधिकार त्यांना आहे.

म्हणून पहिल्यांदाच हा व्यवसाय करणाऱ्याने ६० अंशांच्या बऱ्याच वर फ्लॅश पॉइंट असलेल्या तेलांचा संच एका लिस्टिंगमध्ये ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ६१-६२ अंशांचे तेल कागदोपत्री सुटते खरे, पण पुढच्या खेपेत मिश्रण थोडे बदलले की रेषेखाली येऊ शकते. संत्रे, निलगिरी आणि परफ्यूम यांना मागणी असेल, तर डिफ्यूझरशिवाय त्यांच्या स्वतंत्र लिस्टिंग कराव्यात, त्यांवर ज्वालाग्राही द्रव अशी खरी नोंद करावी, आणि पाठवणीचा प्रकार सुरुवातीपासूनच सरफेस ठेवून पोहोचण्याची मुदत त्या हिशेबाने जास्त दाखवावी.