गच्चीवरचा १२० टनांचा चिलर: पहिल्या वर्षाचा अनुभव आणि वॉरंटीचं पत्र

पुण्यात आमची पाच मजली कमर्शियल बिल्डिंग आहे, गच्चीवर १२० टनांचा एअर कूल्ड स्क्रू चिलर, म्हणजे एसीसाठी पाणी थंड करणारं मशीन, बसवलाय, गॅस आर-१३४ए. कंपनीचं नाव देत नाही, क्लेम आत्ताच बराचसा मिटलाय. सुरुवातीचे महिने कूलिंग एकदम मस्त, आवाज कमी, भाडेकरूंची एक तक्रार नाही. मग उन्हाळा लागला आणि सकाळी सुरू केला की लो प्रेशरवर ट्रिप व्हायला लागला.

सप्लायरचा माणूस यायचा, गॅस भरायचा, सर्व्हिस रिपोर्टवर "गॅस टॉप अप केला, युनिट ओके" लिहून सही घेऊन जायचा. काही आठवडे बरे जायचे आणि परत तेच. वर आम्हालाच सांगायचे की तुमच्या पाण्याचा फ्लो कमी आहे, आणि गॅस वॉरंटीत येत नाही म्हणून त्याचं बिल वेगळं. याचाच जास्त संताप यायचा, कारण चिलरचं सर्किट बंद असतं, गॅस काही डिझेलसारखा जळून संपत नाही, कमी झाला म्हणजे कुठून तरी बाहेर गेला. गॅस भरणं म्हणजे रिपेअर नाही, आणि सप्लायरला पाठवलेल्या वॉरंटी क्लेमच्या पत्रात पहिलं वाक्य हेच लिहिलं: हे वेगवेगळे बिघाड नाहीत, एकच बिघाड आहे जो अजून दुरुस्तच झालेला नाही.

फ्लोचा मुद्दा खोडायला बीएमएसचा, म्हणजे बिल्डिंगमधल्या मशीनच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉम्प्युटर सिस्टिमचा, ट्रेंड कामाला आला. आमचं डिझाइन १२ अंशाला पाणी आत आणि ७ ला बाहेर, म्हणजे ५ अंशांचा फरक. फ्लो खरंच कमी असता तर तेवढ्याच लोडला हा फरक वाढला असता, ७ च्या आसपास गेला असता. आमच्याकडे उलटं, ट्रिपच्या आधीच्या दिवसांत तो ३.५ वर आलेला, म्हणजे पाणी पुरेसं फिरतंय पण मशीन थंडच कमी करतंय. शिवाय कूलरच्या, म्हणजे चिलरमध्ये गॅस जिथे पाणी थंड करतो त्या भागाच्या, दोन्ही बाजूंच्या गेजमधला पाण्याचा प्रेशर ड्रॉप कमिशनिंग रिपोर्टमध्ये होता तेवढाच. आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याचं तापमान व गॅसचं सक्शन सॅच्युरेशन, म्हणजे कूलरमध्ये गॅस ज्या तापमानाला उकळतो ते, यांच्यातला फरक, ज्याला अप्रोच म्हणतात, तो गॅस भरल्यावर ४ अंश असायचा आणि ट्रिप यायच्या आधी ८ पर्यंत चढायचा, दर वेळी. एका कागदावर त्याचा ग्राफ काढला आणि गॅस भरल्याच्या तारखांना उभ्या रेघा मारल्या. त्या एका पानावर जेवढं दिसलं तेवढं दहा मेलमध्ये सांगता आलं नसतं.

इथे एक महत्त्वाचं, चिलरच्या कंट्रोलरमध्ये अलार्मची यादी मर्यादित असते, नवीन आले की जुने पुसले जातात, म्हणून प्रत्येक ट्रिपनंतर ऑपरेटरला स्क्रीनचा फोटो काढायला लावायचो. कंट्रोलरचं घड्याळ बीएमएसच्या ११ मिनिटं मागे होतं, ते पत्रातच लिहून टाकलं, नाहीतर वेळा जुळत नाहीत म्हणून तिथेच अडवलं असतं.

बाहेरच्या जॉइंटवर साबणाचं पाणी लावून त्यांना काही सापडत नव्हतं. पण ट्रेंडमध्ये दिसत होतं की शनिवार-रविवार मशीन बंद राहिलं की सोमवारी अप्रोच जास्त बिघडलेला. कारण बंद चिलरमध्ये ३० अंशाला आर-१३४ए चा गेज प्रेशर साधारण ६.७ बार असतो आणि गच्चीवरच्या पाण्याचा त्याहून खूप कमी, म्हणजे कूलरची ट्यूब लीक असेल तर गॅस पाण्यात जाणार. आमच्या मेंटेनन्सवाल्याने सोमवारी सकाळी चिल्ड वॉटर लाइनच्या एअर व्हेंटला लीक डिटेक्टर लावला आणि तो लगेच वाजला. साइट ग्लासमधला ओलाव्याचा ठिपकाही हिरव्याचा पिवळा झालेला, म्हणजे मशीन चालू असताना कूलरमधला गॅसचा प्रेशर खाली गेला की उलट सर्किटमध्ये पाणी शिरायला लागलेलं, आणि हे असंच चालू ठेवलं असतं तर कॉम्प्रेसर गेला असता. दोन्हीचे व्हिडिओ पत्राला जोडले.

मागणी नेमकी केली: नायट्रोजन प्रेशर टेस्ट आमच्या माणसासमोर, कूलर बदला, गॅसमधला ओलावा शोषणारा ड्रायर आणि तेल बदला, गेलेल्या गॅसचे पैसे परत कारण वॉरंटीतला पार्ट फुटल्यामुळेच तो गेला, आणि नव्या कूलरची वॉरंटी बसवल्याच्या तारखेपासून. आमच्या ऑर्डरमध्ये वॉरंटी कमिशनिंगपासून १२ महिने किंवा डिस्पॅचपासून १८ महिने, जे आधी संपेल ते, असं होतं, त्यामुळे मुदत संपायच्या आत मेल आणि स्पीड पोस्ट दोन्ही पाठवलं, आणि पहिली तक्रार कोणत्या तारखेची ते ठळक लिहिलं.

टेस्टमध्ये कूलरच्या ट्यूबच लीक निघाल्या. कूलर, ड्रायर, तेल सगळं त्यांच्या खर्चाने बदललं. गॅसच्या जुन्या बिलांचे निम्मेच पैसे दिले, बाकीचे निम्मे सोडल्याच्या कागदावर मी सही केलेली नाही आणि करणारही नाही. आता अप्रोच ४ वर आहे, सोमवारीसुद्धा.