टॉवर एकच, रांग वेगळी: टी-मोबाइल की मिंट?

अमेरिकेत मिंट या स्वस्त मोबाइल सेवेचं सिम घेतलं तरी फोन टी-मोबाइल या मोठ्या कंपनीच्याच टॉवरला जोडला जातो, कारण मिंटचे स्वतःचे टॉवर नाहीत. त्यामुळे आधी घरात नि ऑफिसात टी-मोबाइलची रेंज बघा. ती नसेल तर स्वस्त प्लॅन काय चाटायचाय?

रेंज असेल तर फरक गर्दीत कळतो. टॉवरवर ताण आला की टी-मोबाइलच्या बहुतेक प्लॅनना डेटा आधी मिळतो, मिंटवाले मागे. संध्याकाळी स्टेशनवर रेंजच्या दांड्या पूर्ण, पण व्हिडिओ गोल फिरतोय आणि पहाटे तिथंच सुसाट, तर हेच कारण समजा.

घरी वायफाय असेल तर मी मिंटच घेईन. रोज गर्दीत हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यानं मात्र टी-मोबाइलच घ्यावं.