प्रवचनाच्या क्लिप: ऐकत ऐकत कापाव्यात की आधी लिहून काढाव्यात?

गेली चार वर्षे मी आमच्या गावच्या सप्ताहातील आणि चातुर्मासातील प्रवचनांच्या छोट्या क्लिप तयार करतो. मूळ ध्वनिचित्रमुद्रण साधारण सव्वा ते दीड तासाचे असते आणि त्यातून आठवडाभर पाठवता येतील अशा पाच-सहा क्लिप काढायच्या असतात. हे काम करण्याच्या दोन पद्धती मी पुरेसा काळ वापरून पाहिल्या आहेत. पहिल्या पद्धतीत मुद्रण थेट संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन, टाइमलाइनवर ऐकत ऐकत, खुणा करत कापले जाते. दुसऱ्या पद्धतीत आधी प्रवचनाचे वेळेसह टिपण काढायचे, निवड कागदावर करायची आणि मगच कात्री हातात घ्यायची. दोन्हींपैकी कोणती धरावी या विचारात असलेल्यांसाठी माझा अनुभव मांडतो.

टाइमलाइनच्या पद्धतीचे गुण आधी सांगायला हवेत, कारण ते खरे आहेत. दीडपट वेगाने ऐकत गेले आणि एखादी जागा आवडली की खुणेची कळ दाबली, तर एका संध्याकाळी दीड तासाचे प्रवचन हातावेगळे होते. शिवाय कानाला जे कळते ते कागदाला कळत नाही. वक्त्याचा आवाज कुठे चढला, सभा कुठे स्तब्ध झाली, कुठला शब्द त्यांनी जाणूनबुजून सावकाश उच्चारला, हे सगळे निवडीत आपोआप येते. अभंग गाऊन दाखवलेली जागा किंवा स्वतंत्रपणे सांगितलेली एखादी आठवण या पद्धतीने कापली तर मला कधी अडचण आली नाही.

अडचण आली ती निरूपणात, आणि तिचे मूळ आपल्या भाषेच्या घडणीत आहे. मराठीत दुसऱ्याचे म्हणणे आधी येते आणि ते कोणाचे आहे हे बहुधा शेवटी कळते: ‘असे लोक म्हणतात’, ‘असे अर्जुनाला वाटते’. नकाराचेही तसेच आहे. ‘भक्ती म्हणजे घरदार सोडून जाणे’ इतके बोलून झाल्यावर ‘नव्हे’ येते. चांगला वक्ता नेमका या दोहोंच्या मधे थांबतो, कारण ऐकणाऱ्याला ते म्हणणे क्षणभर पटावे असे त्याला वाटत असते. टाइमलाइनवर आवाजाची लाट जिथे सपाट होते तिथे वाक्य संपले असे डोळा धरून चालतो आणि हात तिथेच कापतो. मूळ गीतेतही हीच रचना दिसते. दुसऱ्या अध्यायाच्या ४२ व्या श्लोकात ‘नान्यदस्ति’, म्हणजे ‘याखेरीज दुसरे काही नाही’, हे शब्द आधी येतात आणि ‘इति वादिनः’, म्हणजे ‘असे म्हणणारे’, हे नंतर. ‘इति’च्या अलीकडे कापले, तर भगवंत ज्या मताचे खंडन करीत आहेत तेच मत त्यांच्या तोंडी जाते.

माझ्या हातून नेमके हेच झाले. दुसऱ्या अध्यायावरील प्रवचनात वक्त्यांनी अर्जुनाची बाजू फार समरसून मांडली होती. पाचव्या श्लोकात अर्जुन म्हणतो की गुरुजनांना मारून रक्ताने माखलेले भोग भोगण्यापेक्षा भिक्षा मागून जगणे श्रेयस्कर. वक्ते म्हणाले, ‘भीक मागून खाल्लेलं बरं, पण असं रक्ताळलेलं सुख नको.’ मग सुमारे दोन सेकंद शांतता, आणि त्यानंतर, ‘असं अर्जुन म्हणतो, आणि ऐकायला किती गोड वाटतं पहा.’ मी त्या दोन सेकंदांवर कापले. क्लिप सुंदर झाली होती आणि ती पुष्कळ पुढे गेली. दोन दिवसांनी वक्त्यांचा फोन आला. आवाजात राग नव्हता. ते म्हणाले, ‘अहो, तुम्ही अर्जुनाचा मोह माझा उपदेश म्हणून पाठवलात. मी पुढचा पाऊण तास तो मोह सोडवत होतो.’ क्लिप मी काढून टाकली, पण लोकांच्या फोनमध्ये गेलेली परत आणता आली नाही.

तेव्हापासून निरूपणासाठी मी आधी टिपण काढतो. संपूर्ण प्रवचन शब्दशः लिहून काढणे व्यवहार्य नाही. माझ्या वेगाने दीड तासाच्या मुद्रणाला दोन दिवस जातात. म्हणून पहिल्या फेरीत दर दोन मिनिटांना एकच ओळ लिहितो. वहीच्या पानावर तीन रकाने असतात: वेळ, विषय आणि ‘कोणाचे म्हणणे’. तिसऱ्या रकान्यात वक्ता, अर्जुन, श्रीकृष्ण, लोक, शंका घेणारा असे काहीतरी लिहायचेच, तो रिकामा सोडायचा नाही. निरूपणाच्या परंपरेत पूर्वपक्ष आणि सिद्धांत ही जोडी रूढ आहे. आधी समोरच्याचे मत पूर्ण ताकदीने मांडायचे आणि मग त्याला उत्तर द्यायचे, अशी ती शिस्त आहे. तिसरा रकाना भरताना पूर्वपक्ष कुठे सुरू झाला आणि उत्तर कुठे आले, हे पानावर उघड दिसते. दृष्टांताचेही तसेच आहे. गोष्ट सांगून झाल्यावर ती कशासाठी सांगितली ते वक्ता सांगतो. त्याला दार्ष्टांतिक म्हणतात, आणि ते अनेकदा तीन-चार मिनिटांनी, मधे एखादे प्रमाण देऊन झाल्यावर येते. गोष्ट आकर्षक असल्यामुळे तेवढीच कापण्याचा मोह होतो आणि मग ऐकणारा तिचा स्वतःला सोयीचा अर्थ लावतो. दुसऱ्या फेरीत फक्त निवडलेले भाग, पुढच्या-मागच्या दोन वाक्यांसह, शब्दशः लिहून घेतो.

वर सांगितलेली जागा मी नंतर याच रीतीने पुन्हा कापली. टिपणात ४१ मिनिटे १० सेकंदांपासून ‘अर्जुन’ असे लिहिले गेले आणि ४७ मिनिटे ३० सेकंदांना ‘श्रीकृष्ण’. तिथे अकराव्या श्लोकातील ‘अशोच्यान्’ या शब्दापासून उत्तर सुरू होते. मधली पाच मिनिटे सलग ठेवता येणार नव्हती. म्हणून पहिला भाग ‘किती गोड वाटतं पहा’ या वाक्यापर्यंत, म्हणजे ६६ सेकंद, आणि दुसरा भाग उत्तराचा, ८८ सेकंद, असे दोन तुकडे घेतले. दोहोंच्या मधे पडदा क्षणभर काळा केला आणि ‘काही वेळाने’ अशी अक्षरे ठेवली. सांधा लपवला असता तर वक्ते सलग बोलले असा समज झाला असता. पहिल्या भागावर सुरुवातीपासून ‘अर्जुनाचे म्हणणे, गीता २.५’ ही ओळ आहे. एकूण लांबी अडीच मिनिटांच्या थोडी वर गेली. ऑक्टोबर २०२४ पासून यूट्यूब शॉर्ट्सची मर्यादा तीन मिनिटे झाल्यामुळे ती तिथे बसली; त्याआधीच्या ६० सेकंदांत शंका आणि उत्तर एकत्र बसवणे मला कधीच जमले नाही.

कापताना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते आणि ती दोन्ही पद्धतींना लागू आहे. पुन्हा एन्कोड न करता, म्हणजे ffmpeg या प्रोग्रॅममध्ये `-c copy` वापरून कापले, तर काम काही सेकंदांत होते, पण चित्र की-फ्रेमवरच, म्हणजे काही काही अंतराने साठवलेल्या पूर्ण चित्रावरच, सुरू होऊ शकते. त्यामुळे सुरुवात ठरवलेल्या वेळेच्या अलीकडे सरकते आणि आधीच्या वाक्याची शेपटी आत येते. निरूपणात ती शेपटी ‘नव्हे’ असू शकते. म्हणून वेळ लागला तरी मी पुन्हा एन्कोड करतो:

```
ffmpeg -ss 00:41:10 -i pravachan.mp4 -t 66 -c:v libx264 -crf 20 -c:a aac bhag1.mp4
```

टिपणाच्या पद्धतीची उणीवही आहे. कागदावर स्वर उतरत नाही. एका वक्त्याने दिखाऊ पूजेबद्दल ‘वा, केवढी ही भक्ती!’ असे खंतावून म्हटलेले वाक्य मी वहीत कौतुक म्हणून नोंदवले होते. शेवटच्या फेरीत ऐकले तेव्हा चूक लक्षात आली. म्हणून टिपणावरून कापलेली प्रत्येक क्लिप डोळे मिटून एकदा ऐकतो. नंतर ती घरातल्या अशा माणसाला ऐकवतो ज्याने ते प्रवचन ऐकलेले नाही, आणि एवढेच विचारतो की वक्त्यांचे म्हणणे काय आहे. त्याचे उत्तर माझ्या तिसऱ्या रकान्याशी जुळले नाही, तर क्लिपची सुरुवात किंवा शेवट मागे-पुढे करून पाहतो. तरीही जुळले नाही तर ती क्लिप सोडून देतो. दर प्रवचनामागे एखादी तरी अशी सुटते.

ज्यांच्याकडे दर आठवड्याला चार-पाच मुद्रणे येतात आणि मदतीला कोणी नाही, त्यांना टाइमलाइनची पद्धत सोडून द्या असे मी म्हणू शकणार नाही. त्यांनी निदान कापण्याची जागा ठरवल्यावर पुढची पंधरा सेकंदे ऐकण्याचा नियम करावा; ‘असे म्हणतात’ आणि ‘नव्हे’ बहुतेक वेळा तेवढ्यात सापडतात. गायन, आठवणी, प्रश्नोत्तरांतील थेट उत्तरे यांसाठी मीही आजवर तीच पद्धत वापरतो. पण ज्या प्रवचनात मत मांडून खोडले जाते, त्याच्यासाठी माझा कौल वहीकडे आहे. पहिल्या फेरीला माझे साधारण अडीच तास जातात. ते गेले तरी नंतरची निवड इतकी लवकर होते की एकूण वेळेत मला फार फरक जाणवलेला नाही.

प्रत्येक क्लिपच्या खाली आता मूळ मुद्रणाचा दुवा त्या जागेच्या सेकंदांसह देतो. ४१ मिनिटे १० सेकंद म्हणजे दुव्याच्या शेवटी `&t=2470s`. आणि पाठवण्याच्या आदल्या रात्री वक्त्यांना फोन करून क्लिपचे पहिले वाक्य, शेवटचे वाक्य आणि तिसरा रकाना एवढे वाचून दाखवतो. दोन मिनिटे लागतात. मागच्या चातुर्मासात त्यांनी दोनदा मला थांबवले आणि दोन्ही वेळा शेवट एकेका वाक्याने पुढे न्यायला सांगितला.