कोणतं थंबनेल बदलायचं: ४.६ टक्क्यांचं की ५.१ चं?

नेरूळच्या माझ्या मामेबहिणीचे यूट्यूबवर दोन व्हिडिओ आहेत, दोन्ही आठवडाभर जुने. एक खाडीकाठच्या फ्लेमिंगोंचा, दुसरा ठाण्याच्या उपवन तलावावरच्या सकाळचा. फ्लेमिंगोंचा क्लिक-थ्रू रेट, म्हणजे थंबनेल दिसल्यावर क्लिक होण्याचं प्रमाण, दुसऱ्या दिवशी ८.५ टक्के होता, आता ४.६ वर आलाय. उपवनचा पहिल्यापासून ५.१ वर आहे. "दादा, फ्लेमिंगोंचं थंबनेल बदलू का?" मी म्हटलं, त्याला हात लावू नकोस, बदलायचंच तर उपवनचं बदल.

आकडे गोल धरून हिशेब करू. थंबनेल निम्मं तरी एका सेकंदाहून जास्त वेळ दिसलं की एक इम्प्रेशन. फ्लेमिंगोंची दुसऱ्या दिवशी ४,००० होती. त्यातली ३,००० सबस्क्रिप्शन फीड आणि चॅनल पेजवरची, म्हणजे ओळखीची माणसं. तिथे १० टक्क्यांनी ३०० क्लिक. होम पेजवर १,००० अनोळखी, ४ टक्क्यांनी ४०. एकूण ३४०, म्हणजे ८.५ टक्के. मग यूट्यूबने तो व्हिडिओ होमवर आणखी लोकांपुढे नेला. आठवड्याअखेर ओळखीची ४,००० आणि होमची ३६,००० इम्प्रेशन झाली. क्लिक ४०० अधिक १,४४०, म्हणजे ४.६ टक्के. दोन्हीकडचा दर होता तिथेच आहे, फक्त अनोळखी गर्दी वाढली.

उपवन मात्र ४,००० वरच अडकलंय. ओळखीच्या ३,००० पैकी १८० जणांनी क्लिक केलं, म्हणजे ६ टक्के. होमवर १,००० पैकी २५, म्हणजे अडीच. दोन्हीकडे ते फ्लेमिंगोंच्या मागे आहे, तरी एकूण आकड्यात पुढे दिसतं. हीच गंमत, आणि इथेच लोक चांगलं थंबनेल मोडून बसतात.

यूट्यूब स्टुडिओत हे बघायला व्हिडिओच्या अ‍ॅनालिटिक्समध्ये Traffic source उघडा, Browse features च्या आत जाऊन होम आणि सबस्क्रिप्शन फीड वेगळे करा आणि प्रत्येक स्रोताची इम्प्रेशन आणि रेट शेजारी ठेवा. सूचनेवरून किंवा बाहेरच्या साइटवरून आलेले व्ह्यू या इम्प्रेशनमध्ये नसतात, त्यामुळे एकूण व्ह्यूंशी ताळा जमवत बसू नका.

एक मेख आहे. होम हा स्रोतही एकजिनसी नाही; तिथेही आधी आवड जुळणारे येतात, मग लांबचे. म्हणून होमचा रेट थोडा घसरला पण इम्प्रेशन वाढतायत आणि सरासरी पाहण्याचा वेळ टिकून आहे, तर थांबा. इम्प्रेशन थबकलीत आणि एकाच स्रोतात रेट पडतोय, तर संशय थंबनेलवर. रेट छान पण माणसं पहिल्या अर्ध्या मिनिटात पळतायत, तर थंबनेल खोटं बोलतंय. तो रोग वेगळा.

उपवनसाठी ती आता तीन थंबनेल एकमेकांशी लावून बघतेय. स्टुडिओतली ती चाचणी विजेता क्लिकवर नाही, पाहण्याच्या वेळेवर ठरवते, हे तिला आधीच सांगून ठेवलंय.