पाटोडी रस्स्याच्या व्हिडिओसाठी स्क्रिप्ट कशी लिहायची: दोन कॉलमची की गॅसच्या घड्याळाची?

नागपुरात घरच्या किचनमधून व्हिडिओ करणारे बरेच जण पाटोडी रस्स्यावर येऊन अडकतात. कारण साधं आहे, पोहे किंवा झुणका करताना एखादा शॉट हुकला तर थोडं परत करून घेता येतं, पाटोडीत तसं नाही. बेसन एकदा उकळत्या पाण्यात पडलं की पडलं. म्हणून स्क्रिप्ट कुठल्या पद्धतीने लिहायची हे आधी ठरवा, आणि मला दोनच पद्धती खऱ्या कामाच्या वाटतात.

पहिली, दोन कॉलमची. डावीकडे काय दिसतं, उजवीकडे काय ऐकू येतं, आणि एका शॉटला एक ओळ. टीव्हीवाले वर्षानुवर्षं अशीच लिहितात. पाटोडीचा तुकडा घ्या:

दृश्य: कढई वरून, फोडणीच्या पाण्यात बेसन पडतंय. आवाज: "पाण्याला खळखळ उकळी आली की गॅस बारीक करा, मग बेसन."
दृश्य: तेल लावलेलं ताट, हात थापतोय. आवाज: "गरम आहे तोवरच थापायचं, थंड झालं की चिरा पडतात."

वाचायला एकदम छान, एडिटिंगला बसलं की कुठला शॉट राहिला ते लगेच दिसतं, आणि आवाज नंतर घरात शांतता असताना रेकॉर्ड करणार असाल तर याहून सोयीचं काही नाही, वाक्य बदला, पुढे-मागे करा, काही बिघडत नाही.

पण या दोन ओळींच्या मधे काय घडतं ते बघा. पहिल्या ओळीत फोन कढईवर आहे, दुसऱ्या ओळीत ताटावर. एकटे शूट करत असाल तर बेसन उतरवायचं, फोन काढायचा, स्टँड हलवायचा, फ्रेम बघायची, यात मिनिटभर सहज जातं आणि तेवढ्यात गोळ्यावर पापुद्रा धरतो, थापताना कडा फाटतात, वड्या कापल्या की भुगा होतो. हातही बेसनाचे, फोनला लावायची सोय नाही. कागदावर मात्र दोन ओळी शेजारी शेजारी, सगळं ठीक. दोन कॉलमच्या स्क्रिप्टमधे वेळ लिहायला जागाच नसते, ही तिची खरी अडचण.

दुसरी पद्धत म्हणजे गॅस पेटवला की घड्याळ सुरू. प्रत्येक ओळीत चार गोष्टी: मिनिट, कढईत काय, फोन कुठे, तोंडाने काय. 1 वाटी बेसन आणि दीड वाटी पाणी धरून तोच तुकडा असा होतो:

मिनिट 0 / तेल, मोहरी, जिरं, हिंग, आलं-लसूण-मिरचीचं वाटण, हळद, मीठ, मग पाणी / फोन कढईवर, ताट आधीच तेल लावून त्याच फ्रेमच्या कडेला / थोडक्यात जिन्नस सांगणं
उकळी आली की (साधारण मिनिट 4) / गॅस बारीक, एका हाताने बेसन, दुसऱ्याने घोटणं / फोन तसाच / गप्प
गोळा कढईची कड सोडेपर्यंत (अजून 3-4 मिनिटं) / घोटणं, मग झाकण ठेवून 2 मिनिटं वाफ / एकदा जवळून कड / "बघा, कड सुटली"
वाफ झाली की लगेच / ताटात ओतून तेलाच्या हाताने थापणं, वर सुकं खोबरं, खसखस, सांबार म्हणजे कोथिंबीर / फोनला हात नाही / "गरम आहे तोवरच"
पुढची 15 मिनिटं / ताट बाजूला, रस्सा सुरू / फोन दुसऱ्या कढईवर / इथे गप्पा

ताट पहिल्यापासून फ्रेममधे ठेवायचं हे असं लिहायला बसलं तरच सुचतं, कारण फोन हलवायला वेळच नाही हे समोर दिसतं. मिनिटांवर मात्र पूर्ण विसंबू नका. तुमचा बर्नर मोठा, कढई पातळ, की सगळं पुढे-मागे होतं. म्हणून मी मिनिटासोबत खूण लिहायला सांगते: उकळी आली, कड सुटली, तेल सुटलं. मिनिट हे फक्त आपल्या अंदाजासाठी, पुढचं पाऊल टाकायचं ते खुणेवर.

आता गप्पांचं, म्हणजे मधेच सांगायच्या गोष्टींचं, कारण विदर्भातल्या रेसिपीत लोकांना तेच ऐकायचं असतं, कोणाच्या घरी खसखस जास्त, कोण दगडफूल घालतं, तर्री किती हवी. दोन कॉलमच्या स्क्रिप्टमधे त्या कुठेही टाकता येतात, आणि म्हणूनच लोक त्या चुकीच्या जागी टाकतात, अगदी बेसन पडत असताना आजीची आठवण सुरू. बघणाऱ्याला त्या क्षणी हात कसा फिरतो ते बघायचं असतं. घड्याळाच्या स्क्रिप्टमधे रिकामी जागा आपोआप दिसते: कांदा-खोबऱ्याचं वाटण तेलात परतताना 8-10 मिनिटं तुम्ही नुसते हलवत उभे असता.

पण इथेही एक गोम आहे. ती 10 मिनिटं व्हिडिओत 30-40 सेकंदच राहणार. तुम्ही वाटण फिकं असताना एक किस्सा सुरू केला आणि ते गडद झाल्यावर संपवला, तर मधून कापताच येत नाही, कापलं तर एका वाक्यात मसाल्याचा रंग दोनदा बदलतो. म्हणून एक गप्प 20 सेकंदांत संपली पाहिजे, निवांत बोललं तर जेमतेम 40 शब्द. तेवढीच लिहा, मोठ्याने वाचून मोबाईलवर वेळ लावा. आणि एक्झॉस्ट फॅन त्या एका गप्पेपुरता चालू तरी ठेवा किंवा बंद तरी, मधेच बदलला की जोड ऐकू येतो.

मग निवडायचं कसं? मी एकच गोष्ट मोजते, रेसिपीत परत न घेता येणारे शॉट किती. पाटोडीत तीन: बेसन पडणं, थापणं, आणि रस्स्यात गरम पाणी घातल्यावर उकळीसोबत तर्री वर येणं. त्यातला पहिला किंवा दुसरा हुकला की नवीन घाणाच करावा लागतो. अशा वेळी एकटे शूट करणारे आणि तिथेच बोलणारे असाल तर घड्याळाचीच लिहा, दुसरा विचार नको. कोणी फोन धरायला असेल आणि आवाज नंतर देणार असाल तर दोन कॉलम चालतील, फक्त बेसन ते थापणं एवढ्या पट्ट्याला वेगळा घड्याळाचा कागद करून गॅसमागच्या टाईल्सवर चिकटवा, मोठ्या अक्षरात, वाफेतून वाचता आला पाहिजे. सांबारवडीला घड्याळ लागतच नाही, सारण थंडच असतं, एक पुडा नीट दिसला नाही तर पुढचा लाटताना शॉट घ्या, तिथे दोन कॉलम पुरेसे. मिनिटभराच्या रीलला पण दोन कॉलमच, कारण तिथे सगळा आवाज नंतरचा असतो.

एक शॉट मात्र दोन्ही पद्धतींत शेवटी लिहा आणि आधी त्याची तयारी ठेवा: वाटीत पाटोड्या, वरून रस्सा. पाटोड्या रस्स्यात जास्त वेळ राहिल्या की मऊ पडून फुटतात, त्यामुळे लाईट, वाटी, फोन सगळं जागेवर आल्यावरच डाव उचला, आणि 5-6 पाटोड्या दुसऱ्या टेकसाठी ताटात कोरड्या राहू द्या.